दीडशे अक्षरांतला माणूस

इन्स्टाग्रामवर स्वतःची ओळख लिहायला १५० अक्षरं मिळतात, एक्सवर १६०. देवनागरीत ही जागा दिसते त्याहून लहान असते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘गुडघ्यांची’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या हिशेबात तो दहांचा.

समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने कच्चा मजकूर असा लिहिला: ‘मी शाळेत गणित शिकवते. मला प्रवास, वाचन, संगीताची आवड आहे. दर रविवारी गड चढते, पण उतरताना गुडघे कुरकुरतात. मैत्रिणी म्हणतात, वाटेत मी फार बडबडते.’

यातलं दुसरं वाक्य सर्वांत आधी जावं. वाचन-संगीताची आवड कुणाच्याही नावाखाली खपते, त्यातून ही बाई दिसत नाही. दिसते ती गुडघ्यांतून आणि बडबडीतून, म्हणजे नेमकं जे तिने शेवटी, जरा संकोचाने लिहिलं तिथे. ‘मी’ही नको, वर नाव असतंच.

उरतं ते असं: ‘सातारा. शाळेत गणित, रविवारी गड. चढताना बडबड, उतरताना गुडघ्यांची तक्रार.’

मात्रा धरूनही हे सत्तरच्या आसपास भरतं. उरलेली जागा भरायचा मोह अनेकांना होतो, आणि मग ‘स्वप्नाळू’, ‘मनस्वी’ अशी विशेषणं येऊन बसतात. गणिताच्या शिकवण्या घेत असेल, तर मात्र तेवढी ओळ जरूर घालावी; विद्यार्थ्यांना तिचा उपयोग आहे.