पांढरं खोडायचं नाही, गुणायचं

गावातल्या एका वाचनालयाचं बोधचिन्ह: काळ्या शाईने काढलेली समई, बारीक रेघांची. कागदावरून स्कॅन केलेलं. ते हळदी रंगाच्या पिशवीच्या फोटोवर बसवायचं आहे. नुसतं ठेवलं तर पिशवीवर पांढरा चौकोन दिसतो. मग बहुतेकजण जादूची कांडी किंवा खोडरबर घेऊन पांढरं पुसायला बसतात, आणि समईभोवती पांढुरकी किनार उरते.

किनार का उरते? कुठलीही रेघ काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर उडी घेत नाही. मधे राखाडी ठिपक्यांची एक पातळ रांग असते, तिच्यामुळेच रेघ गुळगुळीत दिसते. पांढरं पुसताना हे फिकट ठिपके मागे राहतात आणि हळदीवर उठून दिसतात. तेही पुसावेत, तर रेघ करवतीसारखी दातेरी होते.

त्यापेक्षा काहीच पुसू नका. फोटोशॉप, गिंप किंवा क्रिटा उघडा, चिन्हाचा थर फोटोच्या वर ठेवा आणि थराच्या यादीतला Normal बदलून Multiply करा. पांढरं तत्काळ नाहीसं होतं.

नावातच युक्ती आहे: गुणाकार. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा यांची 0 ते 255 अशी मापं असतात. वरचं आणि खालचं माप गुणून 255 ने भागायचं. पांढरा म्हणजे 255, म्हणजे एकाने गुणणं. खालचा रंग तसाच राहतो. काळा म्हणजे शून्य, तिथे काळंच. हळद 255, 200, 0 धरली, तर 128 मापाचा राखाडी ठिपका 128, 100, 0 होतो. म्हणजे तो गडद हळदीचा होतो, पांढुरका होत नाही. मला ही पद्धत आवडते ती यासाठी: रेघेची कड हळूच पिशवीच्या रंगात मुरते, कापडाच्या सुरकुत्याही चिन्हाखालून दिसतात.

एक अडचण मात्र हमखास येते. स्कॅन केलेला कागद पूर्ण पांढरा नसतो. तो 240 असेल, तर हळदीचा 200 तिथे 188 होतो आणि पिशवीवर मळकट चौकोन उमटतो. थराचा डोळा बंद-चालू करून पाहिलं की तो लगेच कळतो. अशा वेळी चिन्हाच्या थरावर Levels उघडून उजवीकडची पांढरी खूण 235 पर्यंत डावीकडे ओढा. कागद 255 होतो, चौकोन जातो.

गडद निळ्या पिशवीवर ही युक्ती चालत नाही. गुणाकाराने रंग फक्त गडदच होतो, काळी रेघ तिथे बुडते. तिथे चिन्हाचे रंग उलटे करून Screen निवडा, रेघ पांढरी उमटते.

आणि छापखान्यात चिन्हाची सुटी पीएनजी पाठवू नका. गुणाकाराची सूचना त्या फाइलसोबत जात नाही, पांढरा चौकोन परत येतो. फोटोसकट एकत्र केलेलं चित्रच पाठवा.