छायाचित्रातला वीरगळ किती उंच?

आमच्या गावच्या वेशीबाहेर एक वीरगळ आहे. लोक त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. त्यावर टेप टेकवलेली कुणालाच रुचणार नाही. म्हणून मी त्याची उंची छायाचित्रावरून काढली.

धाकट्या भावाला शिळेला लागून, तिच्या दर्शनी बाजूच्या अगदी रेषेत, ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगितली आणि समोरून फोटो घेतला. संगणकावरचे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. पट्टी ६०० पिक्सेल भरली, म्हणजे एका सेंटिमीटरला २० पिक्सेल. शिळा भरली १८४०. भागाकार केला, ९२ सेंटिमीटर आले.

खरी मेख आहे ती पट्टीच्या जागेत. कॅमेरा शिळेपासून २ मीटरवर होता. पट्टी शिळेच्या २० सेंटिमीटर पुढे धरली असती, तर जवळ आल्यामुळे ती सुमारे ६६७ पिक्सेल भरली असती आणि तीच शिळा ८३ सेंटिमीटरची ठरली असती! कॅमेरा मागेपुढे कललेला असला तरी घोटाळा होतो, पण तो पकडता येतो. पट्टी एकदा पायथ्याशी, एकदा माथ्याशी धरून एकाच जागेवरून दोन फोटो घ्यावेत. पिक्सेल जुळले नाहीत तर कॅमेरा सरळ करावा.

पट्टीऐवजी नाणे का नको, असे कुणी विचारील. टोक टिपताना ३ पिक्सेल इकडेतिकडे झाले, तर पट्टीच्या ६०० मध्ये तो अर्धा टक्का. अडीच सेंटिमीटरच्या नाण्याच्या ५० पिक्सेलांत मात्र ६ टक्के.

जमिनीत गाडलेला भाग अर्थातच या ९२ मध्ये नाही.