पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनच? आधी घड्याळ बघा

बिलिंग सॉफ्टवेअरला पासवर्ड टाकला, क्षणभर आतलं पान दिसलं आणि पुन्हा लॉगिनचं पान आलं, असं होत असेल तर पासवर्ड बदलत बसू नका. पासवर्ड चुकला असता तर तसा मेसेज आला असता.

लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक पास देतो. तो कुकीत किंवा टोकन म्हणून ब्राउझरमध्ये साठतो आणि त्यावर 'अमुक वेळेपर्यंत चालेल' असं लिहिलेलं असतं. पुढचं प्रत्येक पान उघडताना तो पास दाखवावा लागतो. पास सापडला नाही, किंवा मुदत संपलेली वाटली, की परत दारात.

आता एक उदाहरण घ्या. दुकानाच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकली, पण टाइम झोन अमेरिकेचाच, Pacific Time राहिला. घड्याळ चुकीचं दिसलं म्हणून मालकाने हाताने सकाळचे ११ लावले. स्क्रीनवर सगळं बरोबर! पण कॉम्प्युटर समजतो की अमेरिकेत सकाळचे ११ वाजलेत, म्हणजे भारतात मध्यरात्र उलटून साडेबारा. थंडीच्या दिवसांत हा फरक साडेतेरा तासांचा, उन्हाळ्यात साडेबारा. सर्व्हरने एक तासाचा पास दिला, तर ब्राउझरमधलं सॉफ्टवेअर या पुढे गेलेल्या घड्याळाशी ताडून बघतं आणि हाती येताच तो शिळा ठरवतं. सगळीच सॉफ्टवेअर असं तपासत नाहीत, म्हणून बाकीच्या साइट चालतात आणि संशय घड्याळावर जात नाही.

ओळखायचं कसं? तेच लॉगिन मोबाइलवर करा. तिथे चाललं तर खातं ठीक, गडबड कॉम्प्युटरमध्ये. मग कॉम्प्युटरवर इन्कॉग्निटो विंडो उघडून बघा. तिथे चाललं तर जुनी कुकी किंवा टोकन अडकलंय. तिथेही फिरून लॉगिनच आलं तर Settings मध्ये Time & language, मग Date & time उघडा. टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` हाच हवा. तो निवडा आणि Sync now दाबा. वेळ हाताने लावूच नका. घड्याळ बरोबर असूनही अडत असेल, तर ब्राउझरने कुकीज बंद केल्यात का ते बघा.

कॉम्प्युटरचा प्लग काढल्यावर दरवेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी तो CR2032 असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

जुनी कुकी अडकली असेल तर ब्राउझरमधून फक्त त्या एका साइटचा डेटा काढा. पण थांबा! तुमचं सॉफ्टवेअर नेट नसताना बिलं बनवत असेल, तर सर्व्हरवर न गेलेली बिलं त्याच डेटात असू शकतात. डेटा काढला की तीही गेली. म्हणून आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून, बिलं कुठे साठतात ते विचारा, आणि मगच डिलीटला हात लावा.