सौर पेटीकुकरचा उष्णतेचा जमाखर्च

सौर पेटीकुकर ही रचनेने अगदी साधी वस्तू आहे. बाहेर एक पेटी, आत काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा ट्रे, दोहोंच्या मध्ये काचलोकरीचा सुमारे ५ सेंटीमीटर जाडीचा थर, वर दोन काचांचे झाकण आणि त्यावर बिजागरीने जोडलेला आरसा. ट्रेमध्ये काळ्या झाकणांचे डबे ठेवायचे आणि पेटी उन्हात मांडायची. अशा पेटीत भात दोन तासांत शिजतो की चार तासांतही कच्चा राहतो, हे उन्हाइतकेच आत आलेल्या उष्णतेपैकी शिल्लक किती राहते यावर ठरते. ही शिल्लक वॅटमध्ये मांडता येते.

उदाहरणासाठी ५० सेंटीमीटर लांब-रुंद काच असलेला कुकर घेऊ. काचेचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर झाले. स्वच्छ आकाशात दुपारच्या सुमारास आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ८०० वॅट ऊन पडत असेल, तर या काचेवर २०० वॅट पडतात. त्यांतले काही दोन काचांच्या चार पृष्ठभागांवरून परावर्तित होतात, काही काचेतच शोषले जातात आणि थोडे ट्रेच्या काळ्या रंगावरूनही परत फिरतात. साधारण ७० टक्के, म्हणजे १४० वॅट, ट्रेमध्ये उष्णता होऊन उतरतात. ही झाली जमा. ऊन बदलले नाही तर ती जवळपास कायम राहते.

खर्च मात्र तापमानाबरोबर वाढतो. पेटी बाहेरच्या हवेपेक्षा जितकी जास्त तापेल तितकी उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते. दोन काचांच्या अशा पेटीतून तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे १.४५ वॅट निसटतात. त्यांपैकी तळातून आणि बाजूंतून जाणारा वाटा जेमतेम पाव असतो. उरलेला तीनचतुर्थांश वरच्या काचांतून जातो. म्हणून काचलोकरीचा थर दुप्पट केला तरी एकूण गळती दहाएक टक्क्यांनीच कमी होते. पेटीची खरी कमकुवत बाजू काच आहे.

स्थिर तापमान

रिकामी पेटी उन्हात ठेवली की ती तापत जाते, तिची गळती वाढत जाते आणि एका क्षणी जमा व खर्च समान होतात. त्यानंतर तापमान वाढत नाही. याला स्टॅग्नेशन तापमान किंवा स्थिर तापमान म्हणतात. वरच्या उदाहरणात १४० वॅटला १.४५ ने भागले की ९७ अंश येतात. बाहेर ३० अंश असतील तर आरशाच्या मदतीशिवाय ही पेटी सुमारे १२७ अंश सेल्सिअसवर स्थिरावेल.

हे तापमान ऊन आणि हवा या दोन्हींवर अवलंबून असल्यामुळे दोन ठिकाणी मोजलेल्या कुकरांची थेट तुलना करता येत नाही. त्यासाठी तापमानातील फरकाला उन्हाच्या तीव्रतेने भागतात. येथे ९७ भागिले ८०० म्हणजे ०.१२. मुलिक, कांडपाल आणि सक्सेना या भारतीय संशोधकांनी १९८७ मध्ये पेटीकुकरच्या चाचणीसाठी हा गुणांक मांडला. भारतीय मानक ब्युरोच्या चाचणीतही तो वापरला जातो आणि ०.१२ हा चांगल्या कुकरचा उंबरठा मानला जातो. चाचणी रिकाम्या पेटीवर आणि आरशाचा प्रकाश आत येऊ न देता घेतात. त्यामुळे गुणांकातून पेटी आणि काच यांचीच पारख होते.

स्थिर तापमानाचा एक अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. त्या तापमानाला पेटी एकही वॅट अन्नाला देऊ शकत नाही, कारण तेथे शिल्लक शून्य असते. स्वयंपाक होतो तो त्याच्या बराच खाली, ९५ ते १०० अंशांच्या आसपास. म्हणून कुकरची ताकद पाहायची असेल तर या तापमानाला किती वॅट उरतात हे पाहावे.

एक काच, दोन काचा, तीन काचा

काच सूर्यप्रकाश आत सोडते, पण तापलेल्या ट्रेमधून निघणारी लांब तरंगलांबीची अवरक्त किरणे तिच्यातून पार होत नाहीत. तरीही ही उष्णता कायमची अडकून राहत नाही. काच ती शोषून स्वतः तापते आणि बाहेरच्या हवेला व आकाशाला देत राहते. वारा असेल तर आणखी वेगाने देते. दुसरी काच लावल्यावर दोन काचांमध्ये स्थिर हवेचा थर तयार होतो आणि ही वाट अरुंद होते. हे अंतर साधारण १ ते २ सेंटीमीटर ठेवतात. त्याहून कमी ठेवले तर पातळ थरातून उष्णता सहज जाते. जास्त ठेवले तर आतली हवा फिरू लागते आणि वाढीव अंतराचा लाभ मिळत नाही.

मात्र प्रत्येक काच येणारा प्रकाशही थोडा कापते. एकाच काचेच्या पेटीत ७० ऐवजी ८० टक्के, म्हणजे १६० वॅट उतरतील, पण गळती अंशामागे सुमारे २.२५ वॅट होईल. तिचे स्थिर तापमान १०१ अंशांच्या आसपास येते. सुरुवातीला, पेटी थंड असताना, ती दोन काचांच्या पेटीपेक्षा वेगाने तापते. ५५ अंशांच्या सुमारास दोघींची शिल्लक सारखी होते आणि त्यापुढे दोन काचांची पेटी पुढे जाते. ९५ अंशांना हवेशी फरक ६५ अंशांचा असतो. तेथे एका काचेच्या पेटीत १४ वॅट उरतात, तर दोन काचांच्या पेटीत ४६. स्वयंपाकाच्या तापमानाला एवढी तफावत असल्यामुळेच बाजारातल्या पेटीकुकरांना दोन काचा असतात.

मग तिसरी काच का नको? तिच्यामुळे जमा १२४ वॅटवर येते आणि गळती अंशामागे १.१ वॅटवर. स्थिर तापमान १४३ अंशांपर्यंत चढते आणि ९५ अंशांना ५२ वॅट उरतात. आकडे आकर्षक दिसतात. पण दोन किलो पाणी ३० पासून ९५ अंशांपर्यंत तापवायला लागणारा वेळ काढला तर दोन आणि तीन काचांमध्ये फरक जवळपास नाहीसा होतो, कारण शेवटी मिळणारा लाभ सुरुवातीच्या मंद तापण्यात खर्ची पडतो. वाढते ते झाकणाचे वजन आणि किंमत. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ पासून केलेल्या तापपेटीच्या प्रयोगांत अनेक काचा वापरून सुमारे ११० अंश गाठले होते. मात्र त्यांना जास्तीत जास्त तापमान किती मिळते हे पाहायचे होते, अन्न किती लवकर शिजते हे नव्हे.

आरशाचे काम

आरसा गळतीला हात लावत नाही, फक्त जमा वाढवतो. काचेएवढा आरसा असेल, सूर्य समोर असेल आणि आरसा योग्य कोनात असेल, तर काचेवर थेट पडणाऱ्या किरणांच्या निम्म्याहून अधिक भर तो घालू शकतो. आकाशातून विखुरलेल्या प्रकाशाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. सूर्य बाजूला सरकतो, आरशावर धूळ बसते. हे धरून भर ४० टक्केच मानली आणि तिरप्या किरणांचा थोडा प्रकाश काचेवरून परत जातो हेही लक्षात घेतले, तर ट्रेमध्ये आणखी ५५ वॅट उतरतात. एकूण जमा १९५ वॅट होते.

आता ९५ अंशांची शिल्लक पाहावी. गळती तीच, ९४ वॅट. आरशाशिवाय ४६ वॅट उरत होते, आता १०१ उरतात. ऊन ४० टक्क्यांनी वाढले, पण अन्नाला मिळणारी उष्णता दुपटीहून अधिक झाली, कारण गळती आधीच भागलेली होती आणि भर सगळी शिलकीत पडली. दोन किलो पाणी ९५ अंशांना नेण्यासाठी हिशेबाने एका काचेला अडीच तास, दोन काचांना पावणेदोन तास आणि दोन काचा व आरसा यांना तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. डबे आणि ट्रेही तापावे लागतात, शिवाय ट्रे पाण्यापेक्षा नेहमी गरम असतो. त्यामुळे प्रत्यक्ष वेळ याहून जास्त असतो, पण क्रम हाच राहतो.

आरसा लावलेल्या रिकाम्या पेटीचे स्थिर तापमान याच हिशेबाने १६४ अंश येईल. प्रत्यक्षात ते १५० च्या आसपास थांबते. तापमान वाढले की ट्रेमधून निघणारे प्रारण झपाट्याने वाढते आणि अंशामागची गळती १.४५ वॅट न राहता वाढत जाते.

आरशाचा कोन ऋतूनुसार बदलतो. सूर्य क्षितिजापासून जितके अंश वर असेल त्याचे दोन तृतीयांश घेऊन त्यात ६० मिळवले की काच आणि आरसा यांच्यातला कोन मिळतो. या कोनात आरशाच्या वरच्या कडेवरून निघालेला किरण काचेच्या समोरच्या कडेवर पडतो आणि पूर्ण काच उजळते. पुण्यात २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ४८ अंशांवर असतो, म्हणून आरसा ९२ अंशांवर, जवळजवळ ताठ उभा हवा. २१ मार्चला तो सुमारे १०८ अंशांवर आणि मेच्या मध्याला, सूर्य डोक्यावर असताना, १२० अंशांवर हवा. डिसेंबरमध्ये आरसा थेट किरणांत तीनचतुर्थांशाहून अधिक भर घालू शकतो, मेमध्ये जास्तीत जास्त ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काचेवर थेट ऊन कमी पडते तेव्हा आरसा अधिक कामाला येतो.

कुकर मंदावतो तेव्हा

वापरातला कुकर मंदावला की दोष जमेत आहे की खर्चात, हे आधी शोधावे लागते. रिकाम्या पेटीचे स्थिर तापमान घसरलेले दिसते, पण त्यावरून कारण कळत नाही. ते कळण्यासाठी डब्यांत दोन किलो पाणी ९० अंशांपर्यंत तापवून पेटी झाकण बंद ठेवूनच सावलीत न्यावी. जमा शून्य झाल्यामुळे आता फक्त गळती मोजली जाते. उदाहरणातल्या चांगल्या पेटीत अर्ध्या तासात तापमान साधारण १५ अंशांनी उतरते. त्याहून बरेच जास्त उतरले, तर झाकणाची रबरी पट्टी सैल झाली आहे किंवा काचलोकर ओली झाली आहे. उतार ठीक असेल, तर दोष काचेवरची धूळ, दोन काचांमध्ये शिरलेली वाफ, ट्रेचा फिका पडलेला रंग किंवा डाग पडलेला आरसा यांपैकी कशात तरी आहे.

डब्यांची झाकणे सैल असतील तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. वाफ आतल्या काचेवर थेंबांच्या रूपात जमून प्रकाश अडवते आणि उष्णताही घेऊन जाते. १०१ वॅटची सगळी शिल्लक वाफेत गेली तर तासाला सुमारे १६० ग्रॅम पाणी उडते आणि अन्नाचे तापमान मात्र उकळबिंदूच्या वर सरकत नाही.

याच हिशेबातून पेटीकुकरची मर्यादाही कळते. भात, वरण, उसळी, उकडलेले बटाटे यांना १०० अंश पुरतात आणि तेथे शिल्लक पुरेशी असते. फोडणीच्या तेलाला आणि पोळीच्या तव्याला त्याहून खूप जास्त तापमान लागते. तिथवर पोहोचण्याआधीच पेटीची जमा गळतीत संपून जाते.