प्रशिक्षणाला जायचंय, पण तासांचं काय?

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी एक पीडीएफ येऊन पडते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं, म्हणजे शिक्षकांच्या भाषेत 'डाएट'चं, पत्र असतं: माध्यमिक विज्ञान शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण, सोमवार ते शुक्रवार, स्थळ जिल्ह्याचं ठिकाण. सोबत तालुकावार यादी. यादीत आपलं नाव दिसलं की बाई दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जातात आणि म्हणतात, "सर, माझं प्रशिक्षण लागलंय." सर म्हणतात, "अर्ज द्या."

हा अर्ज अनेक शिक्षकांना निव्वळ उपचार वाटतो. आदेश वरून आलाय, मग परवानगी कसली मागायची? पण पुढच्या कितीतरी गोष्टी या कागदावर अवलंबून असतात. त्या पाच दिवसांचा पगार, सेवापुस्तकातली नोंद आणि वर्गातल्या मुलांचे तास, हे सगळं त्यात आलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ऑन ड्युटी किंवा कर्तव्य रजा ही खात्यात जमा असलेल्या रजेतून वजा होत नाही. किरकोळ रजा, अर्धवेतनी रजा, वैद्यकीय रजा यांत शिक्षक कामावर नसतो. प्रशिक्षणाच्या दिवसांत तो कामावरच असतो, फक्त कामाची जागा बदललेली असते. म्हणून मुख्याध्यापकांकडे रजा मागायची नसते. हे दिवस कर्तव्यकाल म्हणून धरावेत आणि त्या काळासाठी शाळेतल्या कामातून मुक्त करावं, अशी विनंती करायची असते. अर्जात चुकून 'पाच दिवसांची रजा मिळावी' एवढंच लिहिलं, तर लिपिक ती किरकोळ रजेच्या रकान्यात टाकण्याची शक्यता असते. किरकोळ रजा वर्षाला मोजक्याच असतात. त्यांतल्या पाच अशा गेल्या, की मार्चमध्ये घरात लग्नकार्य निघालं तर हात आखडावा लागतो.

अर्ज समोर आला की मुख्याध्यापक मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतात. पाठवलं कोणी? आणि तास कोण घेणार? चांगल्या अर्जात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं न विचारता मिळतात.

पहिला प्रश्न अधिकाराचा. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिच्या मार्गदर्शनाखालची डाएट, शिक्षणाधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालय यांचा आदेश असेल तर तो सरकारी कामाचा भाग झाला. तिथं मुख्याध्यापक सहसा अडवत नाहीत. एखाद्या प्रकाशनाची कार्यशाळा, विषय संघटनेचं अधिवेशन किंवा स्वतः फी भरून केलेला अभ्यासक्रम, यांची गोष्ट वेगळी. तिथं परवानगी देणं मुख्याध्यापकांच्या आणि संस्थेच्या मर्जीवर असतं. ते हो म्हणतील, पण 'तुमची किरकोळ रजा टाका' असंही म्हणतील, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून अर्जात संदर्भ म्हणून कार्यालयाचं नाव, पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख हवीच. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत बहुतेक वेळा नेमका जावक क्रमांक असलेला वरचा भाग कापला गेलेला असतो. त्यामुळे मूळ पत्राची स्वच्छ प्रत केंद्रप्रमुखांकडून किंवा कार्यालयातून आधीच मिळवून ठेवावी. पत्रात 'प्रत्येक शाळेतून एक विज्ञान शिक्षक' एवढंच असेल आणि नाव नसेल, तर कोणाला पाठवायचं हे मुख्याध्यापक ठरवतात. तशा वेळी त्यांनी नाव लिहून दिल्याशिवाय कोणाचाच अर्ज पूर्ण होत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. वर उल्लेखलेल्या बाईंचंच उदाहरण घेऊ. समजा, त्यांच्याकडे सोमवार ते शुक्रवार मिळून 25 तासिका आहेत: दहावीच्या दोन तुकड्यांच्या 10, नववीच्या 10 आणि आठवीच्या 5. प्रशिक्षण संपतं शुक्रवारी आणि पुढच्या सोमवारपासून पहिली घटक चाचणी. बाईंनी काहीच सांगितलं नाही, तर पर्यवेक्षक रोज सकाळी बदली तासिकांच्या वहीत ज्यांचा तास मोकळा असेल त्यांची नावं टाकतील. मग चित्रकलेचे सर दहावीच्या वर्गावर जाऊन बसतील आणि मुलं गृहपाठाची वही पुढ्यात ठेवून गप्पा मारतील. अशा 25 तासिका म्हणजे शाळेच्या दृष्टीनं वर्गात शिक्षक होता, पण शिकवणं झालंच नाही.

अदलाबदल केली तर चित्र बदलतं. विज्ञानाच्या दुसऱ्या शिक्षकांनी दहावीच्या 4 तासिका घेतल्या. दहावीच्या उरलेल्या 6 तासिकांत गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी आपला विषय शिकवला आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या 6 तासिका बाईंनी विज्ञानासाठी घेतल्या. दहावीचं काहीच बुडालं नाही, फक्त क्रम बदलला. नववीसाठी बाईंनी धड्यांवरचे प्रश्नसंच आधीच काढून ठेवले, म्हणजे वर्गावर येणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ते फळ्यावर लिहून देता येतील. आठवीच्या तासिका खऱ्या अर्थानं बदलीच्या राहिल्या. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका शनिवारीच लिपिकांकडे गेली. हे सगळं अर्जात चार ओळींत आलं, की सरांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

तयार अर्ज साधारण असा दिसतो:

दि. 28 जुलै 2025
प्रति,
मा. मुख्याध्यापक
विषय: विज्ञान शिक्षक प्रशिक्षणासाठी कर्तव्यार्थ उपस्थित राहण्यास परवानगी मिळणे व कार्यमुक्त करणेबाबत.
संदर्भ: जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे पत्र, जा.क्र. व दिनांक (प्रत सोबत जोडली आहे).
महोदय,
वरील संदर्भीय पत्रान्वये माझी निवड दि. 4 ते 8 ऑगस्ट 2025 या कालावधीतील प्रशिक्षणासाठी झाली आहे. यादीतील अनुक्रमांक 17 वर माझे नाव आहे. सदर कालावधी कर्तव्यकाल धरून मला दि. 2 ऑगस्ट रोजी शाळा सुटल्यानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती. या काळातील तासिकांचे नियोजन संबंधित शिक्षकांच्या स्वाक्षरीसह सोबत जोडले आहे. इयत्ता नववी व दहावीच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका दि. 2 ऑगस्टपूर्वी कार्यालयात जमा करीन. दि. 9 ऑगस्ट रोजी कर्तव्यावर हजर होऊन उपस्थिती प्रमाणपत्र सादर करीन.
आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)

या अर्जातली सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे 'संबंधित शिक्षकांच्या स्वाक्षरीसह'. तोंडी ठरलेली अदलाबदल मंगळवारपर्यंत टिकते. सही असली की पर्यवेक्षकांना ती वेळापत्रकात लावता येते आणि 'मला कोणी सांगितलंच नाही' हे वाक्य कुणाला म्हणता येत नाही.

अर्जावर 'मंजूर' असा शेरा आला म्हणजे काम संपलं, असं नाही. शाळेनं कार्यमुक्ती पत्र द्यायचं आणि ते प्रशिक्षण केंद्रावर दाखवायचं. हजेरीपत्रकात त्या पाच रकान्यांत 'प्रशिक्षण' अशी नोंद करून घ्यायची. परतल्यावर हजर झाल्याचं लेखी द्यायचं आणि केंद्राचं उपस्थिती प्रमाणपत्र जोडायचं. गडबड होते ती बहुतेक याच टप्प्यावर. समजा, चौथ्या दिवशी दुपारनंतर बाई न सांगता निघून आल्या आणि केंद्राच्या हजेरीत दुसऱ्या सत्रातली सही राहिली. मग प्रमाणपत्रावर चारच दिवस लिहून येतात आणि शाळेच्या हजेरीत मात्र पाच. हा फरक लेखापरीक्षणात निघाला तर त्या एका दिवसाचं स्पष्टीकरण शिक्षकालाच द्यावं लागतं. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे 'आत्ता रजा टाका, प्रमाणपत्र आलं की बदलू.' प्रमाणपत्र येतं, पण तोवर महिन्याचं वेतन देयक गेलेलं असतं आणि रजेची नोंद तशीच राहते. म्हणून असा शेरा असेल, तर प्रमाणपत्र देताना दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्यावा आणि त्यावर पोच घ्यावी.

मुख्याध्यापकांची बाजूही समजून घ्यायला हवी. एकाच शाळेतल्या विज्ञानाच्या दोन्ही शिक्षकांची नावं एकाच तुकडीत आली, तर आठवडाभर दहावीला विज्ञान शिकवणारं कोणीच उरत नाही. अशा वेळी नकार देण्याऐवजी एकाला पुढच्या तुकडीत घ्यावं असं पत्र डाएटला लिहिता येतं, कारण मोठी प्रशिक्षणं सहसा टप्प्याटप्प्यानंच होतात. हे पत्र आदेश आल्याच्या दिवशीच गेलं तर उपयोग होतो. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गेलं, तर यादी बदलत नाही.

द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हीच अडचण दुप्पट होते. तिथं एक शिक्षक गेला की पहिली ते चौथीचे सगळे वर्ग दुसऱ्याच्या एकट्याच्या माथी येतात, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणंही त्याच्याचकडे. तिथं अर्ज मुख्याध्यापकांपाशी थांबत नाही. शेजारच्या शाळेतून काही दिवसांसाठी शिक्षक मिळावा, ही मागणी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावी लागते. ही मागणी अर्जातच लिहिली नसेल, तर पर्यायी शिक्षक मिळण्याची आशा जवळजवळ नसते.

आता असे अर्ज वाढतच जाणार आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. त्यातला काही भाग ऑनलाइन होतो, पण दिवसाला सहा तास धरले तर 50 तासांचे आठ-नऊ दिवस होतात. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. शिक्षकानं शिकलं पाहिजे आणि मुलांचे दिवसही भरले पाहिजेत, या दोन्ही अपेक्षा एकाच वेळापत्रकात बसवायच्या असतात. त्यासाठी शाळेकडे असलेलं साधन म्हणजे तासिकांची आधी ठरवलेली अदलाबदल. प्रशिक्षण सुटीत आलं तर तास बुडत नाहीत, पण कागद तितकेच लागतात. सुटीत काम केल्याचा मोबदला अर्जित रजेच्या रूपात मागायचा असेल, तर लेखी आदेश आणि तारखांसह उपस्थिती प्रमाणपत्र हाती असावं लागतं.

म्हणून जुने शिक्षक नव्यांना एकच सल्ला देतात: आदेश, मंजूर अर्ज, कार्यमुक्ती पत्र आणि प्रमाणपत्र, हे चार कागद एकत्र टाचून आपल्या फाइलमध्ये ठेवा. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचा किंवा 24 वर्षांनी निवडश्रेणीचा प्रस्ताव पाठवायची वेळ येते, तोवर मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात आणि लिपिकाची बदली झालेली असते. कोणतं प्रशिक्षण कधी केलं याचा पुरावा कार्यालय तेव्हा शिक्षकाकडेच मागतं.