उंच मनुष्य, दुखरी पाठ आणि मोटारीची निवड

उंच माणसानें मोटार घेतांना प्रथम काय पाहावें असें विचारलें, तर बहुतेक लोक 'डोकें छताला लागतें कीं नाहीं तें' असेंच उत्तर देतील. माझे एक स्नेही याच समजुतीनें दुकानांत गेले. त्यांची उंची ६ फूट २ इंच, म्हणजे सुमारें १८८ सेंटिमीटर. कमरेच्या खालच्या मणक्यांमधील एक चकती पूर्वींच सरकलेली. दहा मिनिटें बसून, डोक्यावर मूठभर जागा राहते एवढें पाहून त्यांनीं गाडी पसंत केली; आणि पुण्याहून नाशिकला निघाले असतां नारायणगांव येण्यापूर्वींच त्यांना रस्त्याच्या कडेला उतरून उभें राहावें लागलें. पाठीचीं दुखणीं हा माझा नित्याचा व्यवसाय असल्यामुळें, रोग्याबरोबर गाडीचीही प्रकृति पाहावयास मला बोलावणें आलें.

डोकें छताला लागूं नये म्हणून त्यांनीं बैठक अगदीं खालीं नेली होती, आणि पाय लांब असल्यामुळें ती शेवटच्या खांचेपर्यंत मागें सारली होती. पाय सुखी झाले. पण स्टिअरिंग दूर राहिलें. तें वरखालीं होई, चालकाकडे मात्र ओढतां येत नसे. त्यामुळें हात पोंचावेत म्हणून ते पुढें झुकत, आणि त्यांची कंबर व बैठकीची पाठ यांच्यामध्यें माझा अख्खा पंजा सहज जाई. शिवाय बैठक खालीं गेल्यानें गुडघे नितंबांहून उंच झाले होते. मांड्या गादीवरून उचलल्या गेल्या, सारा भार बुडाखालीं आला, कटिभाग मागें कलंडला आणि कमरेची नैसर्गिक कमान नाहींशी झाली.

या कमानीचें महत्त्व केवळ डौलापुरतें नाहीं. स्वीडनमधील अस्थिवैद्य आल्फ नाकेमसन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतींत बारीक सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. पुढें वाकून बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षां अधिक दाब पडतो, असें त्यांना आढळलें. पुढें त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांत, बैठकीची पाठ किंचित् मागें कलती ठेवून कमरेशीं आधार दिला, कीं हा दाब उतरतो, हेंही दिसून आलें. माझे स्नेही पहिल्या रीतीनें बसत होते; दुसऱ्या रीतीनें बसण्याची सोय त्या गाडींत त्यांच्या अंगलटीच्या माणसाला नव्हती.

म्हणून गाडींत बसून पाहण्याचा क्रम डोक्यापासून नव्हे, कमरेपासून धरावा. नितंब बैठकीच्या कोपऱ्यांत पार मागें न्यावे. मग क्लच तळापर्यंत दाबून पाहावा. तशा स्थितींतही गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. नंतर पाठ सरळ रेषेहून थोडी मागें, म्हणजे बैठकीशीं १०० ते ११० अंशांचा कोन होईल इतकी कलती करावी. आतां खांदे पाठीला टेकलेले ठेवूनच हात लांब करावा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलें पाहिजे. तेथें फक्त बोटें पोंचत असतील, आणि स्टिअरिंग चालकाकडे ओढतां येत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठीं नाहीं असें खुशाल समजावें. विक्रेता 'स्टिअरिंग ॲडजस्ट होतें' एवढेंच सांगेल. तें वरखालीं होतें कीं पुढेंमागेंही होतें, हें आपण हातानें करून पाहावें. ओढतां आलें तरी छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत २५ सेंटिमीटरांहून कमी अंतर ठेवूं नये, कारण तेथें एअरबॅग असते.

यांतली एक गंमत अशी, कीं स्टिअरिंग पुढेंमागें होण्याची सोय पुष्कळदां त्याच गाडीच्या महाग प्रकारांतच मिळते, आणि त्याच प्रकाराला सनरूफही बसविलेलें असतें. सनरूफच्या चौकटीमुळें छत आंतून इंच-दीड इंच खालीं येऊं शकतें. म्हणजे हातांसाठीं पैसे मोजावे, आणि डोक्यानें त्याची भरपाई करावी! जो प्रकार घ्यावयाचा असेल नेमक्या त्याच प्रकारांत बसून पाहावें. दुकानांत मांडलेल्या भलत्याच प्रकारावरून अंदाज बांधूं नये.

उंच माणसाला लांब गाडीपेक्षां उंच छताची गाडी अधिक मानवते. छत उंच असलें, कीं बैठक खुर्चीसारखी वर घेतां येते. पाय पुढें पसरण्याऐवजीं खालीं उतरतात, मांड्यांना गादीचा आधार मिळतो आणि बैठक इतकी मागें न्यावी लागत नाहीं. गादीची पुढली कड गुडघ्याच्या मागें दोन-तीन बोटांवर संपावी. वीतभर आधीं संपणारी गादी लांब पायांच्या माणसाला आंखूडच. कमरेशीं टॉवेलची गुंडाळी ठेवण्याची संवय असेल, तर ती बरोबर घेऊनच जावें. तिच्यामुळें शरीर दोन-तीन बोटें पुढें सरकतें आणि सारें गणित बदलतें.

पेडलांचा दोष मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो, आणि पुढल्या उजव्या चाकाची कमान त्याच्या पायांजवळ आंत येते. जागा अपुरी असली, कीं पेडलें डावीकडे सरकविलेलीं असतात. खांदे स्टिअरिंगसमोर सरळ, पण पाय तिरपे, असा पीळ कमरेला तासन्‌तास बसतो. तो ओळखावयाचा तर डोळे मिटून दोन्ही पाय उचलावे आणि सहज खालीं सोडावे. उजवा पाय ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या आसपास पडला तर ठीक. तो चाकाच्या कमानीवर पडून डावीकडे न्यावा लागत असेल, तर पेडलें सरकलेलीं आहेत. माझ्या स्नेह्यांच्या गाडींत असेंच होतें, आणि क्लचच्या डाव्या बाजूस पाऊल टेकावयास जागाही नव्हती. डावा पाय अधांतरीं राही. हा दोष कोणत्याही उशीनें जात नाहीं.

दृष्टीचा संबंध पाठीशीं काय, असें कोणी म्हणेल. पण जें बसल्या जागीं दिसत नाहीं, तें पाहण्यासाठीं मनुष्य वांकतो. उंच चालकाचे डोळे काचेच्या वरच्या कडेजवळ येतात. चौकांत पुढें उभें राहिलें, कीं दिवा दिसावा म्हणून मान घालावी लागते. मधला आरसा नेमका डोळ्यांसमोर येऊन डावीकडला रस्ता झांकतो. बैठक फार मागें असली, तर दारामागील खांब कानाशीं येतो, आणि उजवीकडे पाहावयास प्रत्येक वेळीं पुढें झुकावें लागतें. म्हणून चालवून पाहतांना एखाद्या सिग्नलच्या रेषेशीं मुद्दाम थांबावें, आणि एकदां गल्लींतून मोठ्या रस्त्यावर वळावें. पाठ टेकलेली ठेवून दोन्हीं ठिकाणीं सारें दिसलें पाहिजे.

स्नेह्यांनीं नंतर तीन गाड्या पाहिल्या, प्रत्येकींत चाळीस मिनिटें, नेहमींच्याच जोड्यांनिशीं. पहिलींत स्टिअरिंग जवळ आलें, पण पेडलें तिरपीं होतीं. दुसरींत पाय सरळ राहिले, तरी बैठक वर घेतांच सिग्नलचा दिवा छताआड गेला. तिसरी उंच छताची, सनरूफ नसलेली आणि क्लच नसलेली होती. रंग त्यांच्या पत्नीला मुळींच आवडला नाहीं. तीच घेतली. नाशिकला जातांना अजूनही ते मध्यें एकदां उतरून पाय मोकळे करतात, पण आतां चहासाठीं.