तळ्याच्या एका थेंबात

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं कपाट उघडून बाईंनी सूक्ष्मदर्शक बाहेर काढला, तेव्हा सातवीतली एक मुलगी गावतळ्याचं पाणी घेऊन तयारच होती. घाटाच्या पायरीवरून तिने मुद्दाम नितळ पाणी भरलं होतं. काचपट्टीवर मोठा थेंब टाकून तिने वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. काळ्याभोर कडांची गोल गोल वर्तुळं दिसली. ‘‘बाई, दिसले! केवढे जीव आहेत!’’

बाईंनी पाहिलं आणि विचारलं, ‘‘यातला एक तरी आपणहून वळतोय का?’’

एकही वळत नव्हता. ते हवेचे बुडबुडे होते. पहिल्यांदा पाहणारे बहुतेक सगळे इथेच फसतात. हवा आणि पाणी जिथे मिळतात तिथे प्रकाश वाकून बाजूला जातो, डोळ्यापर्यंत येत नाही, म्हणून बुडबुड्याची कड जाड आणि काळी दिसते. बुडबुडा अगदी गोल असतो आणि पाणी जिकडे सरकेल तिकडेच जातो. जीव मात्र थांबतो, वळतो, प्रवाहाच्या उलटही जातो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला काठाशी पाण्यात बुडालेली कुजकी पानं आणि देठ हलकेच खरवडून थोड्या पाण्यात घ्यायला सांगितलं. वरच्या नितळ पाण्यात जीव विरळ असतात. कुजणाऱ्या पानांवर जिवाणू वाढतात आणि ते खाणारे जीव तिथेच गोळा होतात. या वेळी तिने ड्रॉपरने छोटासा थेंब टाकला. पातळ काच आधी एका कडेने थेंबाला टेकवली, मग हळूहळू आडवी होऊ दिली, म्हणजे आतली हवा दुसऱ्या बाजूने निघून गेली. सूक्ष्मदर्शकाचा आरसा तिने उजळ आभाळाकडे वळवला. तो सूर्याकडे कधीही धरायचा नाही, डोळ्याला कायमची इजा होते. मग बाजूने बघत भिंग काचेच्या अगदी जवळ आणलं आणि डोळा लावून ते सावकाश वर उचललं. उलट केलं, तर भिंग खाली जाऊन काच फोडतं.

आधी एक हिरवा धागा स्पष्ट झाला. आत हिरवी पट्टी वळसे घेत गेलेली होती. हे स्पायरोगायरा, तळ्यात हाताला बुळबुळीत लागणारं शेवाळ. तेवढ्यात काहीतरी सर्रकन आडवं गेलं. तिने काचपट्टी त्याच्या मागे सरकवली, तर ते आणखीच दूर पळालं. सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं, म्हणून पट्टी डावीकडे सरकवली की दृश्य उजवीकडे जातं. तिचा हात हे शिकला, तरी तो जीव काही थांबेना. मग बाईंनी थेंबात कापसाचे चार तंतू टाकले. तंतूंच्या जाळ्यात तो अडकला आणि निवांत पाहता आला.

चपलेच्या तळव्यासारखा लांबट आकार, पुढे-मागे करत वाट शोधण्याची धडपड. तो पॅरामेशियम होता. त्याची लांबी 0.2 ते 0.3 मिलिमीटर, आणि सगळं शरीर एकाच पेशीचं. अंगभर बारीक केस असतात, त्यांच्या फटकाऱ्यांनी तो पोहतो. बाईंनी 400 पट मोठं दाखवणारं भिंग फिरवलं. आता त्याच्या अंगात एक पारदर्शक गोल हळूहळू फुगताना आणि मग एकदम नाहीसा होताना दिसला. काही सेकंदांनी पुन्हा तिथेच फुगला.

‘‘हा बुडबुडा का फुटतो सारखा?’’ तिने विचारलं.

तो बुडबुडा नव्हता. गोड्या पाण्यापेक्षा पेशीच्या आत क्षार जास्त असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत शिरतं. ते गोळा करून बाहेर फेकणारी ही पिशवी. ती बंद पडली, तर पेशी फुगून फुटेल. 1674 साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहराजवळच्या तलावाचं पाणी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पाहिलं. हिरवे वळसेदार धागे आणि हलणारे जीव त्यांनाही दिसले होते.

मग मुलीने हापशाचं पाणी आणून पाहिलं. काहीच दिसलं नाही. ‘‘म्हणजे हे शुद्ध,’’ ती म्हणाली.

‘‘असं ठरवायचं नाही,’’ बाई म्हणाल्या. जुलाब आणि विषमज्वर आणणारे जिवाणू बहुतेक एक ते तीन मायक्रॉन लांब असतात, म्हणजे पॅरामेशियमच्या शंभराव्या हिश्श्याएवढे. शिवाय ते रंगहीन असतात. शाळेच्या भिंगात ते नजरेतून सहज सुटतात. पाण्यात ते थोडेच असले, तर एका थेंबात येतीलच असंही नाही. तळ्यात दिसलेले बहुतेक जीव माणसाला अपाय करत नाहीत, आणि अपाय करणारे न दिसताही असू शकतात. पिण्याच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच होते. तोवर पाणी उकळूनच प्यायचं.

मुलीने वहीत दोन रकाने आखले. एकात लिहिलं, ‘दिसलं’. दुसऱ्यात, ‘दिसलं नाही, पण असू शकतं’.